लंडनचा हुकूमनामा शिरोलीच्या दारात: परदेशी ग्राहकाच्या करारात न्यायालय कसं निवडायचं आणि परदेशी निकाल आला तर काय करायचं

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या अनेक फौंड्र्या आज थेट परदेशी ग्राहकाला कास्टिंग पाठवतात. दर, पॅटर्नचा खर्च, मशीनिंग अलाउन्स, पेमेंट किती दिवसांत, यावर महिनोन्‌महिने घासाघीस होते. तंटा झाला तर कोणत्या देशाच्या न्यायालयात जायचं, हे सांगणारी ओळ मात्र बहुतेक वेळा न वाचताच सही होते. ती ओळ काय करते, हे एक्स्पोर्टचं काम नव्याने हाती घेतलेल्यांना आणि या क्षेत्रात नव्या असलेल्या वकील मित्रांना समजावं म्हणून हा लेख.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. शिरोलीतली एक फौंड्री इंग्लंडमधल्या एका पंप कंपनीला ग्रे आयर्नची पंप केसिंग पुरवते. एका लॉटमधल्या केसिंग तिकडे मशीनवर चढवल्यावर आत ब्लोहोल निघतात. ग्राहक माल नाकारतो आणि बदली मालाची किंमत, वाया गेलेलं मशीनिंग आणि थांबलेलं उत्पादन धरून 1,40,000 पौंडांची भरपाई मागतो. फौंड्रीचं म्हणणं असं की, ड्रॉइंगमध्ये पोरॉसिटीची जी मर्यादा होती तिच्या आतच माल आहे. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला एकेक टप्पा प्रत्यक्षात असाच येतो.

पहिली पायरी: ती ओळ शोधा आणि तीन प्रश्न वेगळे करा

आपल्याकडे बहुतेकदा स्वतंत्र करारपत्र नसतंच. ग्राहकाची पर्चेस ऑर्डर येते, ई-मेलवर "ऑर्डर मान्य" असं उत्तर जातं आणि काम सुरू होतं. अटी त्या ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतात, किंवा "आमच्या अटी आमच्या संकेतस्थळावर आहेत" एवढंच लिहिलेलं असतं. आपल्या इनव्हॉइसच्या तळाशी "कोल्हापूर न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात" असं छापलेलं असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण इनव्हॉइस माल गेल्यानंतर जातं. तोपर्यंत करार ग्राहकाच्या अटींवर झालेला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून ऑर्डर, तिच्या अटी, ती मान्य केल्याचा ई-मेल आणि इनव्हॉइस तारखेच्या क्रमाने लावा आणि कुणाची अट आधी मान्य झाली ते बघा.

ती ओळ सापडली की तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. तंट्याला कोणत्या देशाचा कायदा लागेल? तंटा कोणतं न्यायालय ऐकेल? आणि निकाल लागल्यावर पैसे कुठल्या मालमत्तेतून, कुठल्या न्यायालयामार्फत वसूल होतील? पहिल्या दोघांची उत्तरं करारात सापडतात. तिसऱ्याचं उत्तर करार देत नाही, ते ज्या देशात मालमत्ता आहे त्या देशाचा कायदा देतो. नवखा माणूस पहिल्या प्रश्नावर अडतो, अनुभवी माणूस तिसऱ्यापासून सुरुवात करतो.

आपल्या उदाहरणात ऑर्डरच्या मागे लिहिलं आहे: इंग्लंडचा कायदा लागू, आणि इंग्लंड व वेल्सच्या न्यायालयांनाच अधिकार. यातला "च" महत्त्वाचा. तसा शब्द असेल तर ती निवड अनन्य ठरते आणि फौंड्रीने कोल्हापुरात दावा लावला तरी "तुम्ही तिकडे जायचं कबूल केलं होतं" ही हरकत येते. ती बाजूला सारायला भक्कम कारण लागतं. लंडन लांब आहे, वकील महाग आहे, ही कारणं पुरत नाहीत, कारण सही करताना ती माहीतच होती. आपलं सर्वोच्च न्यायालय परदेशी न्यायालयाची निवड मान्य करतं. दोघांपैकी कुणाचाही संबंध नसलेलं तटस्थ देशाचं न्यायालयही पक्षकार निवडू शकतात, हे मोदी एंटरटेनमेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट या 2003 च्या निकालात स्पष्ट झालं. देशांतर्गत करारात मात्र ही मुभा नाही. ज्या भारतीय न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो पक्षकारांच्या संमतीने मिळत नाही, असं 1971 पासून हकम सिंग विरुद्ध गॅमन या निकालाने ठरलेलं आहे.

आणखी एक वाक्य त्याच पानावर शोधा: समन्स स्वीकारण्यासाठी इंग्लंडमधला एखादा एजंट नेमला आहे का? असेल तर त्या एजंटच्या हाती कागद पडले की बजावणी पूर्ण होते. शिरोलीत एकही कागद पोहोचला नाही, तरी दावा पुढे सरकतो. असा एजंट नेमलाच असेल तर त्याची फी दरवर्षी भरली जाते का आणि आपला चालू ई-मेल त्याच्याकडे आहे का, हे एकदा तपासा.

दुसरी पायरी: पैसा कुठे आहे ते बघा

"कोर्ट आपल्याच गावातलं हवं" हा आग्रह स्वाभाविक आहे. पण तो नेहमी फायद्याचा नसतो. विचार असा करा: उद्या तंटा झाला तर कोण कुणाला देणं लागेल, आणि देणाऱ्याची मालमत्ता कुठे असेल?

माल पाठवल्यानंतर 90 दिवसांनी पैसे येणार असतील तर मोठा धोका फौंड्रीचा आहे. देणेकरी ग्राहक, आणि त्याचं बँक खातं, मशिनरी, जागा सगळं इंग्लंडमध्ये. अशा वेळी इंग्लंडचं न्यायालय परकं वाटलं तरी वसुलीच्या दृष्टीने सरळ आहे, कारण तिथला निकाल तिथेच अंमलात येतो. उलट आगाऊ पैसे घेतले असतील किंवा पक्की लेटर ऑफ क्रेडिट असेल, तर तंटा उरतो तो मालाच्या दर्जाचा. त्यात देणेकरी होण्याची शक्यता फौंड्रीची असते. मग कोल्हापूरचं न्यायालय मिळवण्यासाठी दरात थोडं कमी-जास्त करणंही परवडतं.

यानंतर देश बघा. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 44अ खाली केंद्र सरकार काही देशांना परस्पर अंमलबजावणीचा प्रदेश म्हणून अधिसूचित करतं. अशा देशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा निकाल इथे नवा दावा न लावता थेट जिल्हा न्यायालयामार्फत अंमलात आणता येतो. त्यात युनायटेड किंग्डम, सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड, बांगलादेश असे देश आहेत. संयुक्त अरब अमिराती जानेवारी 2020 मध्ये आली, म्हणजे दुबईच्या ग्राहकाचा निकालही आता या वाटेने येऊ शकतो. अमेरिका आणि जर्मनी या यादीत नाहीत. न्यायालयांच्या निवडीबद्दलचा 2005 चा आणि निकालांच्या मान्यतेबद्दलचा 2019 चा, असे दोन हेग करार आहेत, पण भारत त्या दोन्हींमध्ये नाही. त्यामुळे सगळीकडे चालेल असं एकच सूत्र सापडत नाही आणि प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

जर्मन किंवा अमेरिकन ग्राहक असेल तर माझा सल्ला सरळ आहे: न्यायालयाच्या कलमाऐवजी लवादाचं कलम घाला. 1958 च्या न्यूयॉर्क कराराखालचे निवाडे तिकडे आणि इकडे दोन्हीकडे अंमलात येतात. न्यायालयीन निकालांना असं छत्र नाही. कोल्हापूरचा हुकूमनामा घेऊन जर्मनीत गेलात तर जर्मन दिवाणी प्रक्रिया कायद्याच्या कलम 328 खाली परस्परता आहे का, हा प्रश्न आधी उभा राहतो, आणि त्या वादातच बराच काळ निघून जातो.

तिसरी पायरी: समन्स आलं तर

आपल्या उदाहरणात ग्राहकाने लंडनच्या हायकोर्टात दावा लावला आहे. करारातच इंग्लंडची निवड असल्यामुळे भारतात समन्स बजावायला त्याला तिथल्या न्यायालयाची वेगळी परवानगी लागत नाही. पण बजावणी कशी झाली हे बघा. परदेशी समन्सच्या बजावणीबाबतच्या 1965 च्या हेग करारात भारत 2007 पासून आहे, आणि थेट टपालाने बजावणी करण्याला भारताने हरकत नोंदवलेली आहे. योग्य वाट म्हणजे केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाकडे विनंती, तिथून जिल्हा न्यायालय, तिथून बेलिफ. कुरियरने आलेलं पाकीट ही त्या वाटेने झालेली बजावणी नव्हे. तरीही ते पाकीट फेकू नका. पाकिटासकट जपून ठेवा, मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. पुढे बजावणीवर हरकत घ्यायची असेल तर तेच पाकीट पुरावा ठरतं.

आता मुख्य निर्णय: हजर व्हायचं की नाही? या प्रश्नाचा पाया 1894 च्या एका निकालात आहे. फरिदकोट संस्थानच्या राजाने, संस्थान सोडून गेलेल्या आपल्या खजिनदाराविरुद्ध संस्थानच्या न्यायालयातून एकतर्फी हुकूमनामे मिळवले. प्रिव्ही कौन्सिलने ते बाहेर चालणार नाहीत असं ठरवलं. जो माणूस त्या प्रदेशात राहत नाही आणि ज्याने त्या न्यायालयाचा अधिकार मान्यही केलेला नाही, त्याच्याविरुद्धचा पैशाचा निकाल त्या प्रदेशाबाहेर निरर्थक आहे, असं हे तत्त्व. ते आजही आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 मधल्या पहिल्या अपवादामागे उभं आहे.

आमच्याकडे येणारे बरेच जण हे तत्त्व अर्धं ऐकून येतात. "आपण लंडनला राहत नाही, मग त्यांचा निकाल आपल्याला कसा लागेल?" असं विचारतात. उत्तर ऑर्डरच्या मागच्या पानावर असतं. न्यायालयाची निवड मान्य करून सही केली तेव्हाच त्याचा अधिकार मान्य झाला. त्यामुळे आपल्या फौंड्रीला फरिदकोटचा आधार मिळत नाही. करारात असं कलम नसतं तर गोष्ट वेगळी असती. मग तिथे जाऊन दाव्याच्या गुणदोषांवर उत्तर देणं हेच अधिकार मान्य करणं ठरलं असतं, आणि म्हणून आधी फक्त अधिकारक्षेत्रालाच हरकत घ्यावी लागली असती. इंग्लंडमध्ये त्यासाठी समन्स पोचल्याची कबुली दाखल केल्यापासून साधारण 14 दिवस मिळतात, लंडनच्या कमर्शियल कोर्टात 28. ही हरकत हरली तर खर्च अंगावर येतो, आणि तो इथे वसूलही होतो. नाशिकच्या अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्सने एका फ्रेंच कंपनीच्या पेटंट दाव्यात लंडनच्या न्यायालयाच्या अधिकाराला हरकत घेतली होती. ती फेटाळली गेली आणि सुमारे 12 हजार पौंडांचा खर्च बसला. त्या खर्चाच्या आदेशाची अंमलबजावणी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या डिसेंबरमध्ये ठरवलं.

म्हणून करारात इंग्लंडची निवड असेल आणि बचाव खरा असेल, तर जाऊन लढा. आपल्या फौंड्रीकडे ड्रॉइंगची मर्यादा आहे, हीट नंबरप्रमाणे टेस्ट रिपोर्ट आहेत, लॉट पाठवण्यापूर्वीचे फोटो आहेत. हे कागद लंडनमध्ये उपयोगी पडतात. कोल्हापुरात दरखास्तीला, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणण्याच्या अर्जाला, हरकत घेताना ते जवळपास निरुपयोगी असतात, कारण इथलं न्यायालय ब्लोहोलचा वाद पुन्हा उघडत नाही.

चौथी पायरी: हुकूमनामा हाती आला की तो वाचा

समजा फौंड्रीने कागद टेबलाच्या खणात ठेवून दिले आणि 1,40,000 पौंडांचा निकाल एकतर्फी लागला. इथून पुढे सगळं त्या निकालाच्या मजकुरावर अवलंबून आहे.

कलम 13 परदेशी निकालाला निर्णायक मानतं आणि सहा अपवाद सांगतं. न्यायालयाला अधिकार नव्हता; निकाल गुणदोषांवर दिलेला नाही; आंतरराष्ट्रीय कायद्याची समज चुकली किंवा भारतीय कायदा लागू असूनही नाकारला; नैसर्गिक न्यायाचा भंग झाला; फसवणूक करून निकाल मिळवला; किंवा निकाल अशा मागणीला आधार देतो जी भारतातल्या कायद्याच्या भंगावर उभी आहे. व्यापारी तंट्यात खरी लढाई बहुतेकदा दुसऱ्या अपवादावर होते, म्हणून तिथे जरा थांबू.

इंग्लंडच्या पद्धतीत प्रतिवादी हजर झाला नाही तर दावेदार "डिफॉल्ट जजमेंट" मागू शकतो. त्यात बजावणी झाली का, मुदत संपली का, एवढं तपासलं जातं आणि दावेदाराने जे म्हटलं त्यावरूनच निकाल मिळतो. साक्ष नोंदवली जात नाही, कागद पारखले जात नाहीत. इंटरनॅशनल वूलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वूल या 2001 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच इंग्लंडचा एकतर्फी हुकूमनामा होता. पुरावा विचारात घेऊन, दाव्याची सत्यासत्यता तपासून तो दिलेला दिसत नाही, म्हणून तो गुणदोषांवरचा नाही आणि इथे अंमलात येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

पण यावरून "एकतर्फी म्हणजे रद्द" असा अर्थ काढू नका. प्रतिवादी गैरहजर असला तरी न्यायाधीशाने पुरावा बघून, थोडक्यात का होईना, कारणं दिली असतील तर तो गुणदोषांवरचाच निकाल आहे. फरक कसा ओळखायचा? आपल्याच उदाहरणातले दोन संभाव्य हुकूमनामे समोर ठेवा. पहिल्यात एक पान आहे: प्रतिवादीने उत्तर दाखल केलं नाही, सबब त्याने दावेदाराला 1,40,000 पौंड द्यावेत. दुसऱ्यात न्यायाधीश म्हणतात की त्यांनी ग्राहकाच्या क्वालिटी मॅनेजरचं शपथेवरचं निवेदन वाचलं, तपासणी अहवालातलं पोरॉसिटीचं मोजमाप ड्रॉइंगशी ताडून पाहिलं, बदली मालाची बिलं बघितली आणि थांबलेल्या उत्पादनाची रक्कम थोडी कमी केली. पहिल्या हुकूमनाम्याला कोल्हापुरात जोरदार हरकत घेता येते. दुसऱ्याला घेणं फार अवघड आहे. शहाणे इंग्लिश वकील हे जाणतात, म्हणून भारतात वसुली करायची असेल तर प्रतिवादी आला नसला तरी ते पुरावा मांडून सविस्तर निकाल मागतात. तेव्हा पहिल्या प्रकारचाच निकाल येईल या आशेवर घरी बसू नये.

आणखी एक कारण आहे. हुकूमनामा कोल्हापुरात अडला तरी इंग्लंडमध्ये तो जिवंतच राहतो. फौंड्रीचा तिकडे दुसरा ग्राहक असेल आणि तो फौंड्रीला पैसे देणं लागत असेल, तर ती रक्कम तिथेच अडवून घेण्याचा आदेश पहिला ग्राहक मिळवू शकतो. निर्यातदाराला हा फटका जप्तीइतकाच लागतो.

वाचताना निकाल कोणत्या न्यायालयाचा आहे हेही बघा. कलम 44अ फक्त वरिष्ठ न्यायालयांच्या हुकूमनाम्यांना लागतं. इंग्लंडसाठीच्या अधिसूचनेत तिथलं हायकोर्ट आहे, काउंटी कोर्ट नाही. इंग्लंडमध्ये पैशाचा दावा साधारणपणे 1,00,000 पौंडांच्या वर असेल तरच हायकोर्टात सुरू करता येतो. म्हणून 1,40,000 पौंडांचा निकाल या वाटेने येऊ शकतो, आणि 40,000 पौंडांच्या काउंटी कोर्टाच्या निकालावर हरकत घ्यायला जागा आहे.

पाचवी पायरी: कोल्हापुरातली दरखास्त

कलम 44अ खाली नवा दावा लागत नाही. ग्राहक हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जिल्हा न्यायालयात दाखल करतो. तिच्यासोबत मूळ न्यायालयाचं प्रमाणपत्र लागतं: हुकूमनाम्यापैकी काही रक्कम वसूल झाली आहे का, झाली असल्यास किती. त्यानंतर तो हुकूमनामा जणू कोल्हापूर जिल्हा न्यायालयानेच दिला आहे असं धरून दरखास्त चालते. कर, दंड किंवा शास्ती यांची रक्कम या वाटेने वसूल होत नाही. नुकसानभरपाई आणि खर्च होतो.

दरखास्त दाखल झाली की लगेच बँक खातं गोठत नाही. संहितेच्या आदेश 21 नियम 22 नुसार अशा हुकूमनाम्यात आधी "कारणे दाखवा" अशी नोटीस काढावी लागते. ती नोटीस हीच फौंड्रीची खरी संधी. त्या तारखेला हजर राहून कलम 13 च्या हरकती लेखी मांडायच्या, सविस्तर आणि एकदम. "निकाल चुकीचा आहे" हे म्हणणं चालत नाही. "निकाल गुणदोषांवर नाही, कारण त्यात अमुक पानावर फक्त गैरहजेरीचा उल्लेख आहे" हे चालतं. प्रमाणित प्रत समोर आली की परदेशी न्यायालयाला अधिकार होता असं कलम 14 नुसार गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे दाखवायचं काम हरकत घेणाऱ्याचं.

मुदतीचा प्रश्न 2020 पर्यंत धूसर होता. बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा बँक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो सोडवला: ज्या देशाचा हुकूमनामा, त्या देशाची मुदत. इंग्लंडसाठी ती सहा वर्षं. त्या प्रकरणात लंडनचा हुकूमनामा 1995 चा होता आणि भारतात अर्ज 2009 मध्ये झाला, त्यामुळे तो मुदतबाह्य ठरला. म्हणून नोटीस आली की पहिल्यांदा निकालाची तारीख आणि दरखास्तीची तारीख शेजारीशेजारी लिहा.

जिल्हा न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध दाद मागायला आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. अनेक दशकांच्या मागणीनंतर ते आलं आणि अशा प्रकरणात त्याचा उपयोग थेट जाणवतो, कारण जप्तीला स्थगिती मागायची असते तेव्हा एकेक दिवस मोलाचा असतो.

सहावी पायरी: यादीबाहेरच्या देशाचा निकाल असेल तर

ग्राहक अमेरिकेतला असता तर दरखास्तीची वाट बंद असती. त्याला परदेशी निकालालाच आधार धरून इथे नवा दावा लावावा लागला असता, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद 101 प्रमाणे निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांत. कलम 13 चे तेच सहा अपवाद तिथेही लागतात. फरक वेळेचा आहे: दाव्यात हुकूमनामा मिळेपर्यंत वर्षं जातात. परदेशी चलनातल्या मागणीचे रुपये कोणत्या तारखेच्या दराने करायचे, हा प्रश्न अशा दाव्यात येतो. फोरासोल विरुद्ध ओएनजीसी या 1984 च्या निकालानुसार साधारणपणे इथल्या हुकूमनाम्याच्या तारखेचा दर धरतात. दावा लांबला आणि रुपया घसरला तर देणं वाढतं. तडजोडीचा आकडा ठरवताना हे हिशेबात घ्या.

सातवी पायरी: पैसे आपलेच अडकले असतील तर

आता बाजू उलटी करा. केसिंग चोख आहेत, ग्राहकच 1,10,000 पौंड देत नाही, आणि या वेळी करारात कोल्हापूरच्या न्यायालयांची निवड आहे.

तीन लाख रुपयांपेक्षा मोठा निर्यातीचा तंटा वाणिज्य न्यायालय कायदा, 2015 खाली येतो. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर दाव्याआधी कलम 12अ खालची मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून दावा लावला तर वादपत्रच फेटाळलं जातं, हे पाटील ऑटोमेशनच्या 2022 च्या निकालाने पक्कं केलं. म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. परदेशी ग्राहक आला नाही तर तसा अहवाल मिळतो आणि तो दाव्याला जोडायचा.

दाव्याचं समन्स मात्र नीट मार्गाने, हेग कराराप्रमाणे बजावून घ्या, वेळ लागला तरी. आणि ग्राहक आला नाही म्हणून चार ओळींचा हुकूमनामा घेऊन समाधान मानू नका. ऑर्डर, बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस, माल पोचल्याचे ई-मेल पुराव्यात दाखल करा आणि कारणांसहित निकाल मागा.

कोल्हापूर जिल्हा न्यायालयाचा असा हुकूमनामा इंग्लंडमध्ये 1933 च्या परदेशी निकाल अंमलबजावणी कायद्याखाली आणि भारतासाठीच्या 1958 च्या आदेशानुसार लंडनच्या हायकोर्टात नोंदवता येतो. मुदत निकालापासून सहा वर्षं. नोंदणीला ग्राहक हरकत घेऊ शकतो आणि त्यात पहिला प्रश्न तोच, फक्त या वेळी तिकडून विचारलेला: कोल्हापूरच्या न्यायालयाला या इंग्लिश कंपनीवर अधिकार कुठून आला? माल कोल्हापुरात तयार झाला, ऑर्डर इथे स्वीकारली, एवढ्यावर आपल्या संहितेच्या कलम 20 खाली दावा चालतो, पण इंग्लंडच्या न्यायालयाला ते पुरत नाही. त्याला हवं असतं की ती कंपनी इथे हजर झाली होती, किंवा तिचा इथे व्यवसाय होता, किंवा तिने आधीच कोल्हापूरचं न्यायालय लेखी कबूल केलं होतं. तेव्हा इनव्हॉइसच्या तळाशी छापलेल्या ओळीवर भिस्त ठेवू नका. ऑर्डर स्वीकारण्याच्या ई-मेलमध्येच, माल पाठवण्यापूर्वी, कोल्हापूरच्या न्यायालयांची अट लिहा आणि ग्राहकाच्या अधिकृत माणसाचं "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय पहिलं हीट ओतू नका.